परत आलेला गडू

गडू परत आला. ज्या खोक्यातून गेला होता त्याच खोक्यातून, त्याच वर्तमानपत्राच्या घडीत. परत पाठवणाऱ्या बाईंचा मेसेज तांबट काकांच्या सुनेनं मला जसाच्या तसा पुढे ढकलला होता. ‘फोटो बघून वाटलं, दिवाणखान्यात कोपऱ्यात ठेवायला चांगला मोठा होईल. हा तर देवघरातला निघाला. वस्तू छान आहे, पण फोटोनं फसवलं.’ खाली सुनेची एकच ओळ होती : ‘ताई, उंची लिहिली होती हो आपण.’ लिहिली होती, खरंच. अकरा सेंटिमीटर. तिसऱ्या ओळीत, वजनाच्या आधी. पण उंची वाचायला कोण थांबतं? उंची लोक फोटोतच बघून घेतात. आणि तो फोटो माझा होता.

मला राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, त्या बाईंवर ढकलून मोकळी झाले असते. त्याऐवजी तो फोटो उघडून बसले. माझ्या आवडत्या फोटोंपैकी एक. खिडकीतून डावीकडून येणारा सकाळचा उजेड, गडूच्या पोटावर मठारकामाचा एकेक ठोका वेगळा चमकलेला, मागे गडद करडा कागद. कॅमेरा मी टेबलाला जवळजवळ चिकटवून ठेवला होता. लेन्सचा मध्य टेबलापासून चार सेंटिमीटरवर असेल. गडू त्या चौकटीत असा उभा होता की जणू देवळाच्या शिखरावरून उतरवून आणलाय. आणि शिखरावरचा कळस दिवाणखान्यात ठेवायची इच्छा एखाद्या बाईंना झाली, तर त्यांचं काय चुकलं?

हिशेब साधा आहे, पण तो मी इतक्या वर्षांत एकदाही मांडून बघितला नव्हता. फोटोत क्षितिजाची रेषा नेहमी लेन्सच्या उंचीवर असते. मागे कागद लावून ती झाकली तरी असतेच. सपाट जमिनीवर जी वस्तू त्या रेषेच्या वर डोकं काढते, ती बघणाऱ्याच्या डोळ्यांपेक्षा उंच. जी खाली राहते, ती ठेंगणी. हे आपण शिकलेलो नसतो, चालायला लागल्यापासून अंगात असतं. माझा गडू अकरा सेंटिमीटर, लेन्स चारवर. म्हणजे रेषा त्याच्या पोटाच्या खाली, एक तृतीयांशाच्या जरा वर, आणि बाकीचा सगळा गडू रेषेच्या डोक्यावर. आता उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून दीड मीटरवर धरा. त्याच प्रमाणात दिसायला समोरची वस्तू चार मीटरहून थोडी उंच लागेल. एखाद्या बैठ्या घराएवढा गडू. त्यात भर म्हणजे मी रुंद लेन्स लावून वीतभर-दीड वीत अंतरावर गेले होते. पोट पुढे आलेलं, तोंड मागे पळालेलं. तोंडाची कड लेन्सच्या वर असल्यामुळे आतलं काहीच दिसत नव्हतं. भांड्याचं तोंड दिसलं की हात आत जाईल की नुसती बोटं, हे कळतं. तोंड लपवलं की भांडं पुतळा होतं.

लो अँगलची मला एवढी ओढ का, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. आजोळी न्हाणीघरात तांब्याचं एक घंगाळ होतं, दोन्ही बाजूंना जाड कड्या असलेलं. मी चार-पाच वर्षांची असताना त्याच्यासमोर बसवून मला आंघोळ घातली जायची. पाटावर बसलं की घंगाळाची कड माझ्या डोळ्यांच्या वर असायची. पाणी दिसायचं नाही, फक्त वाफ वर येताना दिसायची आणि तांब्याच्या फुगीर पोटात एक लांबुळकी मुलगी, तिच्यामागे उजेडाचं चौकोनी दार. आजीचा हात वरून कुठूनतरी आत जायचा आणि कढत पाणी घेऊन परत यायचा. पुढे ते घर विकलं, तेव्हा वाटण्यांत कुणीच घंगाळ मागितलं नाही म्हणून मी आणलं. गाडीच्या मागच्या सीटवर ते सहज मावलं. बाल्कनीत ठेवलं तर माझ्या कमरेशीही येत नव्हतं.

मी पण त्या दिवशी फसवल्यासारखीच झाले होते. परत कुणाकडे पाठवणार?

तर लहान मुलाची नजर म्हणजे लो अँगल, आणि ती खोटी नसते. बाटलीसाठी, उभ्या समईसाठी, उदबत्तीच्या उंच डब्यासाठी मी आजही खाली उतरते. तेलाच्या बाटलीचं लेबल सरळ दिसायला हवं असेल तर लेन्स लेबलाच्या मध्याच्या उंचीवर आणि कॅमेरा अजिबात न झुकवता, हाच उपाय. वरून झुकून काढलं की बाटली खाली निमुळती होत जाते, गाजरासारखी. पण बाटलीच्या बाबतीत धोका कमी असतो, कारण लिटरभराची बाटली केवढी ते घराघरात माहीत असतं. गडूचं तसं नाही. गडू या शब्दात बोटभर भांडंही बसतं आणि हातभरही. आकार ठरलेला नसलेल्या वस्तूला लो अँगल लावणं म्हणजे अनोळखी माणसाला खुर्चीवर उभं करून ओळख करून देणं.

टॉप अँगल मला फराळानं शिकवला. आमच्या ओळखीच्या एक काकू दिवाळीच्या ऑर्डरी घेतात. त्यांनी पहिल्या वर्षी सांगितलं, ‘सगळं वरून काढ गं, हल्ली सगळे वरूनच काढतात.’ मी ट्रायपॉडला आडवा दांडा लावला, पलीकडे तोल म्हणून पाच किलो तांदळाची पिशवी लटकवली आणि खाली ताटल्या मांडल्या. चकलीनं कमाल केली. चकली मुळात वरूनच बघायची वस्तू आहे. तिची सगळी गंमत त्या वेढ्यांत आणि वेढ्यांवरच्या काट्यांत आहे, आणि ते सगळं एका पातळीत असतं. अनारसाही तसाच, खसखशीची बाजू वर. पण करंजी? करंजी वरून अर्धचंद्राची कातरलेली चकती दिसते. तिचं फुगलेलं पोट जातं, मुरड जाते, आत काही भरलंय याचा पत्ता लागत नाही. लाडू तर नुसते गोल. बेसनाचे की रव्याचे एवढंच काय ते रंगावरून ओळखायचं. काकूंनी फोटो बघून चष्मा वर केला आणि म्हणाल्या, ‘माझ्या करंज्या बसल्यात की काय?’

बसल्या नव्हत्या. वरून बघताना वस्तूची उंची लेन्सच्या दिशेनंच उभी राहते, त्यामुळे ती चौकटीत उरतच नाही. जे उंचीवर जगतं ते मरतं, जे पसरण्यावर जगतं ते फुलतं. शेवटी मी करंज्या तशाच ताटलीत ठेवून कॅमेरा खाली आणला, टेबलाच्या वर तीसेक अंशांवर. एक करंजी पुढे, मुरड उजेडाकडे, एक मोडून तिचं सारण दिसेल अशी. पोटाखाली छोटी सावली आली आणि करंजी फुगली. लाडवांसाठी आणखी खाली, वीस अंशांच्या आसपास, म्हणजे रास दिसते. मिसळ फराळाचा डबा मात्र वरूनच ठेवला. डबा घेणारं माणूस मनात मोजत असतं : चिवडा आहे, शेव आहे, शंकरपाळे किती. मोजायला वरूनच बघावं लागतं.

वरून काढताना चुकलं की लगेच कळतं, हे त्या अँगलचं सुख. गोल ताटली जरा जरी लंबगोल आली तर कॅमेरा टेबलाला समांतर नाही. काही मोबाइलमध्ये पडद्यावर दोन अधिकची चिन्हं येतात, ती एकमेकांवर बसली की झालं. नसतील तर टेबलाची कड चौकटीच्या कडेला समांतर आहे का ते बघायचं. आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात आली. उंच वस्तू कडेला ठेवली की ती चौकटीबाहेर झुकल्यासारखी दिसते. आमटीची वाटी कोपऱ्यात ठेवली की तिच्या आतली एकच भिंत दिसते आणि आमटी सांडेल असं वाटत राहतं. वाटी मध्याकडे, पसरट पदार्थ कडेला. पण पानात वाटीची जागा मध्यावर नसते! डावीकडे कोशिंबीर-चटणी, उजवीकडे भाजी-आमटी, वर मीठ-लिंबू. एका हॉटेलवाल्यांसाठी मी थाळी काढताना आमटी मध्यावर सरकवली, तर त्यांच्या आई आल्या, काही न बोलता वाटी उचलून जागेवर ठेवली आणि गेल्या. मग मी वाटी न हलवता कॅमेराच शक्य तितका उंच नेला आणि लेन्स लांबची लावली. अंतर वाढलं की झुकणं कमी होतं.

तेव्हा एक गोष्ट डोक्यात आली, ती अजून तिथंच आहे. पान वरून बघते ती वाढणारी. जेवणारा कधीच वरून बघत नाही. तो मांडी घालून बसलेला असतो आणि त्याला पान तिरकं दिसतं, चाळीस-पंचेचाळीस अंशांतून. तिथून ताटाचा गोल दबून लंबगोल होतो, रुंदीच्या सात दशांश. भाताची मूद उंच दिसते, तुपाची धार कुठून ओघळली ते दिसतं, वरणाची वाफ दिसते. वरून बघताना वाफ सरळ लेन्सवर येते आणि नुसतं धुकं होतं. थाळीत काय काय मिळतं हे सांगायचं असेल तर वाढणारीची नजर, आणि भूक लावायची असेल तर जेवणाऱ्याची. हॉटेलवाल्यांना दोन्ही हवे होते, पैसे एकाचेच द्यायचे होते. असो.

थ्री-क्वार्टरला मी बरीच वर्षं कमी लेखलं. कॅटलॉगचा अँगल, दुकानदाराचा अँगल. वस्तू थोडी वळवायची, कॅमेरा थोडा वर, समोरची बाजू, एक कूस आणि वरचा भाग असं तिन्ही दाखवायचं. त्यात कसली आलीय कला? मग कोल्हापुरी चपला आल्या. चपलेची पंचाईत अशी की तिची प्रत्येक खूण वेगळ्या बाजूला आहे. वेणी आणि पट्ट्यावरचं काम वरून दिसतं. कान बाजूनं दिसतात. तळ किती थरांचा आहे आणि कडेची शिवण कशी आहे, हे जमिनीलगत डोळा नेल्याशिवाय कळत नाही, आणि जाणकार गिऱ्हाईक आधी तळच बघतं. चपलेचा जोड नुसता वरून काढला तर तो देवळाबाहेर काढून ठेवल्यासारखा दिसतो. नुसता बाजूनं काढला तर एक पट्टी.

मी एक चप्पल थोडी तिरकी, अंगठा डावीकडे पुढे, अशी ठेवली. कॅमेरा पंचवीस-तीस अंश वर. सगळं दिसलं, पण पहिला फोटो बघून चपला बनवणारे दादा हसले. ‘ही बदकाच्या मापाची झाली, ताई.’ अंगठ्याकडचा भाग परातीएवढा आणि टाच एवढीशी. लेन्स मी अंगठ्यापासून तीस सेंटिमीटरवर नेली होती. चप्पल सव्वीस सेंटिमीटर, म्हणजे टाच छप्पन्नावर. जवळचं टोक लांबच्या टोकाच्या जवळजवळ दुप्पट मोठं येणारच. एकशे वीस सेंटिमीटरपर्यंत मागे सरकले आणि तेवढीच चप्पल चौकटीत भरेल अशी झूम केली. आता अंतरं एकशे वीस आणि एकशे सेहेचाळीस, फरक पाचव्या हिश्शाच्या आसपास. चप्पल पायाच्या मापाची झाली. मोबाइलवर काढणाऱ्यांना मी हेच सांगते : जवळ जाऊ नका, दोन पावलं मागे जाऊन दोन एक्सवर या. लोक मान डोलावतात आणि पुन्हा जवळ जातात. वस्तू आवडली की माणूस जवळ जातो, त्याला कोण काय करणार.

खोकी असतील तर हाच अँगल जरा आवरून घ्यावा लागतो. खोकं बरोबर पंचेचाळीस अंशांत वळवलं की दोन्ही बाजू सारख्याच दिसतात आणि नाव कुठल्या बाजूला वाचायचं ते कळत नाही. तीसेक अंश पुरतात. तेवढ्यानं समोरची बाजू मोठी राहते, कूस फक्त आपण आहोत एवढं सांगते. साड्यांबद्दल इथे लिहीत नाही, तो वेगळा संसार आहे आणि त्यात माझी भांडणं अजून मिटलेली नाहीत.

तर गडू. तो पुन्हा टेबलावर ठेवला आणि या वेळी कॅमेरा मीटरभर लांब, गडूच्या तोंडापेक्षा बेचाळीस सेंटिमीटर वर नेला. साधारण पंचवीस अंश. का पंचवीस? काही शास्त्र नाही. मी खुर्चीत बसून टेबलावरच्या पाण्याच्या भांड्याकडे बघते तेव्हा तोंडाचा गोल किती उघडा दिसतो, ते बघून ठरवलं. तीस अंशांवर तो रुंदीच्या निम्मा उघडा दिसतो, दहावर नुसती फट. पंचवीसवर चार दशांश. एवढ्यात आतली कल्हई दिसते आणि पोटाची गोलाईही राहते. मीटरभर लांब असल्यामुळे गडू खाली निमुळताही झाला नाही. पण वर गेल्याबरोबर दुसरंच दुखणं सुरू झालं. गडूच्या खांद्यावर मी. ट्रायपॉड, मागची ट्यूबलाइट, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळी खोली मुंगीएवढी होऊन तांब्यात बसलेली. खाली असताना पोटाच्या खालच्या भागात फक्त टेबल उमटत होतं, ते मी काळं-पांढरं करून सांभाळलं होतं. उजेड ज्या कोनानं येतो त्याच कोनानं जातो. कॅमेरा वर गेला की खांदा छत आणि कॅमेऱ्यामागची भिंत दाखवायला लागतो. ट्यूबलाइट बंद केली, कॅलेंडर काढलं, पांढऱ्या थर्माकोलला लेन्सएवढं भोक पाडून मी त्याच्या मागे गेले. खांद्यावर आता पांढरा मऊ पट्टा आणि त्यात लेन्सचा एक काळा ठिपका, तो एका ठोक्याच्या खळग्यात लपला.

शेजारी तुळशीचं एक पान आणि एक फुलपात्र ठेवलं. तुळशीचं पान केवढं असतं हे सांगावं लागत नाही.

फोटो चांगला आला. खरा आला. आणि मला तो फारसा आवडला नाही. मठारकामाचे ठोके दिसत होते, पण आधीसारखे उसळत नव्हते. वरून बघताना पोटाचा खालचा भाग लपतो, आणि तिरका उजेड सगळ्यात जास्त तिथेच खेळत होता. दोन्ही फोटो शेजारीशेजारी उघडून मी तांबट आळीत काकांना दाखवायला गेले. ते जमिनीवर बसून एका मोठ्या पातेल्याला ठोके देत होते. पातेलं लोखंडी दांड्यावर आडवं अडकवलेलं, त्यांचा डोळा तांब्यापासून वीतभर. ठोका, जरा फिरवणं, ठोका. आवाजात बोलता येत नाही म्हणून मी थांबले. मग त्यांनी हातोडी ठेवली, चष्मा कपाळावर नेला आणि मोबाइल डोळ्यांजवळ धरला.

‘हा माझा गडू,’ त्यांनी खालून काढलेल्या फोटोवर बोट ठेवलं. ‘आणि हा गिऱ्हाइकाचा.’

सूनबाईंनी गिऱ्हाइकाचा पहिला लावला. मी सांगितलं होतं तसंच : आधी पंचवीस अंशांचा, मग तोंडातून आत बघणारा वरचा, आणि काकांचा सगळ्यात शेवटी, उंचीचा आकडा फोटोवरच टाकून. तीनेक आठवड्यांनी तिचा फोन आला. आवाजात संकोच होता.

‘ताई, तो जुनाच पुन्हा पहिला लावू का? त्याच्यावर चौकशी जास्त यायची.’

‘आणि परत किती आले होते?’

‘एकच की.’

मला पटकन उत्तर देता आलं नाही. एकच, हे खरं. पण न पाठवलेले किती, जे कुणीतरी मनातल्या मनात लहान करून देवघरात ठेवून दिले असतील, ते कुठे मोजणार? मी म्हटलं, दिवाळी होईपर्यंत हाच राहू दे, मग बघू. ती बरं म्हणाली. तिनं बदललेला नाही, मी अधूनमधून उघडून बघते.

काकांनी मात्र त्यांच्या व्हॉट्सॲपच्या डीपीला जुना फोटो लावलाय. बोटाच्या नखाएवढ्या त्या गोलात चार मीटरचा गडू, शिखरावरून उतरवून आणल्यासारखा. परत आलेला खरा गडू त्यांनी पैसे न घेता मला देऊन टाकला. तो आता माझ्या टेबलावर पाण्यासाठी असतो. दुपारी काम थांबवून मी कधीकधी हनुवटी टेबलावर टेकते आणि बघते. तोंड मिटतं, पोट फुगतं, आणि त्यात एक लांबुळकी बाई, तिच्यामागे खिडकीचा चौकोन.